गौरीचे मुखवटे कुठल्या खोक्यात?

मुंबई, ठाणे, पुण्यात एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की तिथल्या कुटुंबापुढे आधी भाड्याच्या घराचा प्रश्न उभा राहतो आणि त्याच्या मागोमाग सामानाचा. दोन बेडरूमच्या घरात माळ्यापासून पलंगाखालच्या कप्प्यांपर्यंत भरलेला संसार एका बेडरूमच्या घरात मावत नाही. नव्या घराचा ताबा मिळायला दोन-तीन वर्षं तरी जातात, कधी त्याहून जास्त. तोवर टाकून तर काही देता येत नाही. मग शहराच्या कडेला एखाद्या गोदामात महिन्याच्या भाड्याने खोली घेतली जाते. पॅकर्सची माणसं एका दिवसात पन्नास-साठ खोके भरून टाकतात, टेम्पो दोन खेपा करतो आणि शटरला कुलूप लागतं.

काही महिन्यांनी भाद्रपद उजाडतो. गौरीचे मुखवटे हवे असतात. ते नेमके कुणी बांधले हे आठवत नाही. ‘देवघराच्या सामानात असतील’, असं आजी सांगतात. सुनेला वाटतं, ते साड्यांच्या मध्ये ठेवले होते, म्हणजे धक्का लागणार नाही. गौरींचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर व्हायचं असतं, ते पुढे ढकलता येत नाही. शेवटी घरातले दोघं सकाळी गोदामात जातात आणि एकेक खोका फोडत दुपार करतात. बहुतेकदा मुखवटे सापडतातही, पण त्या शोधात उघडलेले खोके घाईने बंद होतात, एकातलं दुसऱ्यात जातं आणि पुढच्या वेळचा शोध आणखी अवघड होतो.

पॅकर्स एक यादी देतातच, मग ही वेळ का येते? कारण ती यादी वेगळ्या कामाची असते. किती नग चढवले, किती उतरवले आणि काय फुटलं, एवढंच तिला सांगायचं असतं. त्यामुळे त्यात ‘खोका 14, किचन’ आणि ‘खोका 31, किरकोळ’ असं लिहिलेलं पुरतं. वाहतुकीसाठी ते योग्यच आहे. शोधणाऱ्याला मात्र उलटा प्रश्न पडलेला असतो. खोक्यात काय आहे हे त्याला नको असतं. वस्तू कुठल्या खोक्यात आहे आणि तो खोका खोलीत कुठे आहे, हे हवं असतं. त्यासाठी वस्तूपासून सुरू होणारी वेगळी मुख्य सूची करावी लागते.

अशी सूची चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचं, याचं एक मोजमाप संग्रहालयांच्या जगात तयार आहे. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणारी इक्रोम ही आंतरशासकीय संस्था रोममध्ये आहे. तिने युनेस्कोबरोबर लहान संग्रहालयांच्या कोठारांची घडी बसवण्यासाठी ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली. तिच्या निकषांपैकी दोन घरगुती गोदामालाही जसेच्या तसे लावता येतात. पहिला असा की प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि ती तीन मिनिटांत सापडावी. दुसरा असा की कुठलीही वस्तू काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. पहिला निकष सूचीवर अवलंबून असतो आणि दुसरा मांडणीवर. एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग होत नाही. मुखवटे 117 क्रमांकाच्या खोक्यात आहेत हे कळलं, पण तो खोका सोफ्यामागे सात खोक्यांच्या खाली असला, तर दुपार जायची ती जातेच.

सूची करताना बहुतेक माणसं एक चूक करतात. वस्तूच्या पुढे तिची जागा लिहितात. ‘सोऱ्या – डाव्या भिंतीला, वरून दुसरा खोका’ अशी नोंद त्या दिवशी बरोबर असते. पण एका खोक्यात चाळीस वस्तू असतात. तो खोका उद्या उजव्या भिंतीला गेला तर चाळीस ओळी बदलायला हव्यात. त्या कुणी बदलत नाही आणि सूची त्या दिवसापासून चुकीची होते. ग्रंथालयांनी हा अनुभव फार पूर्वी घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याच्या कपाटाचा आणि फळीचा क्रमांक असे. फळी भरली, पुस्तकं सरकवावी लागली की क्रमांकही बदलावे लागत. मेल्विल ड्युई यांनी 1876 साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत क्रमांक पुस्तकाला मिळाला, फळीला नाही. त्यामुळे पुस्तकं कितीही सरकली तरी क्रमांक तोच राहू लागला.

गोदामातही हेच करायचं. वस्तूच्या पुढे फक्त खोक्याचा क्रमांक लिहायचा. खोक्याची जागा वेगळ्या, छोट्या यादीत एकदाच लिहायची. खोका हलला तर त्या छोट्या यादीतली एक ओळ बदलते आणि आतल्या चाळीसही वस्तूंची जागा आपोआप बरोबर होते.

आता ठाण्यातलं एक पाच माणसांचं कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, अठ्ठावन्न खोके, दोन लोखंडी कपाटं, सोडवलेला पलंग, सोफा, जेवणाचं टेबल आणि शिवणयंत्र. खोके सगळे एकाच मापाचे घेतले, 18 इंच लांब, 12 रुंद आणि 12 उंच. पुस्तकांसाठीही तेच पुरतात, मात्र ते निम्मेच पुस्तकांनी भरावेत आणि वर चादरी घालाव्यात, नाहीतर उचलता येत नाहीत.

क्रमांक 1 पासून न देता 101 पासून दिले. यामागे साधं कारण आहे. संगणकातल्या तक्त्यात 007 लिहिलं की पुढची शून्यं गळतात आणि 7 उरतो. तीन आकडी क्रमांक सुरुवातीपासूनच असला की खोक्यावर आणि तक्त्यात एकच आकडा दिसतो. फर्निचरला 201 पासून क्रमांक दिले. कपाट हीसुद्धा एक मोठी पेटीच असते, म्हणून त्याला 201 आणि आतल्या खणांमधल्या वस्तूंपुढेही 201. सोडवलेल्या पलंगाचे नट-बोल्ट एका पिशवीत भरून त्याची स्वतंत्र ओळ केली, कारण दोन वर्षांनी पलंग जोडताना नेमकी तीच पिशवी सापडत नाही.

क्रमांक खोका भरायच्या क्रमाने द्यावेत, खोल्यांप्रमाणे नाही. ‘स्वयंपाकघर 101 ते 120’ अशी आखणी कागदावर छान दिसते, पण शेवटच्या दिवशी स्वयंपाकघराचा एकविसावा खोका निघतो आणि सगळी आखणी मोडते. भरायच्या क्रमाने दिलेल्या आकड्यांचा आणखी एक फायदा पुढे, हरवलेली वस्तू शोधताना कळतो.

आकडा जाड मार्करने थेट पुठ्ठ्यावर लिहायचा. टेपवर लिहिलेला आकडा पावसाळ्याच्या दमट हवेत टेपबरोबर सुटून येतो. झाकणावर लिहिलेला आकडा वर दुसरा खोका ठेवला की दिसत नाही. म्हणून एक लांब बाजू आणि एक आखूड बाजू, अशा दोन ठिकाणी तो असावा. खोक्यावर आकड्याखेरीज काही लिहू नये. ‘चांदीची भांडी’ असं बाहेर लिहिणं म्हणजे टेम्पोपासून गोदामापर्यंत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते सांगणं होय.

सूचीसाठी मोबाइलवरचा साधा तक्ता पुरतो. त्यात दोन पानं करायची. ‘खोके’ नावाच्या पानावर पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात जागा आणि तिसऱ्यात भरल्याची तारीख. ‘वस्तू’ नावाच्या पानावर पहिल्या रकान्यात वस्तू, दुसऱ्यात तिची दुसरी नावं, तिसऱ्यात खोक्याचा क्रमांक. चौथ्या रकान्यात जागा हाताने लिहायची नाही. तिथे हे सूत्र टाकलं की ती ‘खोके’ पानावरून आपोआप येते:

```
=VLOOKUP(C2,'खोके'!$A:$B,2,FALSE)
```

चौथ्या रकान्यात जागेऐवजी `#N/A` दिसलं, तर त्या क्रमांकाचा खोकाच यादीत नाही, असा त्याचा अर्थ. आकडा टाइप करताना चुकलेला असतो, किंवा एका पानावर 117 आणि दुसऱ्यावर ११७ असं लिहिलेलं असतं. तक्त्याला हे दोन वेगळे वाटतात, म्हणून आकडे दोन्हीकडे एकाच लिपीत हवेत. घरात कुणाला तक्ता जमत नसेल तर दोनशे पानी वहीतही हीच पद्धत चालते. वहीच्या मागच्या दोन पानांवर पेन्सिलीने खोक्यांच्या जागा आणि पुढच्या पानांवर अक्षरवार वस्तू लिहायच्या.

दुसऱ्या नावांचा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. खरं तर शोध फसतो तो तिथेच. आजी ‘सोऱ्या’ म्हणतात, नात ‘चकलीचं यंत्र’ शोधते. एक जण ‘इस्त्री’ लिहितो, दुसरा ‘इस्तरी’. कुणाला ‘खवणी’ आठवते, कुणाला ‘नारळ किसायचं’. तक्ता अक्षरं जुळवतो, अर्थ जुळवत नाही. त्यामुळे वस्तू नोंदवताना घरातली वेगवेगळी माणसं तिला काय म्हणतील, हे तिथल्या तिथे विचारून लिहावं. सर्वांत वयस्क आणि सर्वांत लहान माणसाची नावं मिळाली की बहुतेक काम होतं.

मग किती बारीक नोंद करायची? प्रत्येक चमचा लिहायला गेलं तर सूची पहिल्याच दिवशी सोडून द्यावी लागते. ठाण्याच्या या कुटुंबाने एक कसोटी लावली. जी वस्तू कधीतरी एकटीच मागितली जाईल, तिला स्वतंत्र ओळ. जी गठ्ठ्यानेच लागेल, ती गठ्ठ्याने. म्हणून ‘स्टीलची ताटं, 12’ ही एक ओळ झाली, पण कढईचं झाकण, मिक्सरचं चटणीचं भांडं, कपाटाची जास्तीची किल्ली आणि कोठ्यांवर मुखवटे बसवायची जोड यांना आपापली ओळ मिळाली. ‘किरकोळ’ हा शब्द सूचीत वापरायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. खोका बंद करण्याआधी वरून एक फोटो काढून त्याला खोक्याचाच क्रमांक द्यावा. नोंदीतून एखादी वस्तू निसटली तर फोटोत ती दिसू शकते. पण फोटोंवरच विसंबून सूची टाळली, तर अठ्ठावन्न फोटो पाहत बसावं लागतं, आणि फोटोत फक्त वरचा थर दिसतो.

आता खोली. डाव्या भिंतीला स्लॉटेड अँगलचे तीन रॅक लावले, उजव्या भिंतीला दारापाशी एक. प्रत्येक रॅक तीन फूट रुंद, दीड फूट खोल, पाच फळ्यांचा. खोक्याची आखूड बाजू बाहेर ठेवली तर एका फळीवर तीन खोके शेजारी शेजारी बसतात, म्हणजे एका रॅकवर पंधरा आणि चारांवर साठ. उजवीकडे पुढे कपाटं, मागच्या भिंतीला सोफा, टेबल आणि पलंगाच्या फळ्या. मधली वाट मोकळी. ही वाट सामानाने भरायची नाही, कारण ती भरली की मागच्या भिंतीचे पत्ते निरुपयोगी होतात.

जागेचा पत्ता तीन भागांचा असतो. भिंत, दारापासून कितवा रॅक, आणि जमिनीपासून कितवी फळी. ‘डा-2-4’ म्हणजे डावी भिंत, दारापासून दुसरा रॅक, खालून चौथी फळी. मोजणी दारापासून आणि जमिनीपासूनच करायची, कारण या दोन गोष्टी जागच्या हलत नाहीत. आधीचं ‘डा’ हे अक्षरही गाळू नये. नुसतं 2-4 लिहिलं तर तक्ता ती तारीख समजून बदलून टाकतो.

रॅकचा खर्च परवडत नसेल आणि खोके एकावर एक रचायचे असतील, तर पत्ता कमी बारीक ठेवावा लागतो. अशा वेळी ‘डा-2’ म्हणजे डावीकडची दुसरी चवड, एवढंच लिहावं. चवडीतला थर लिहू नये, कारण वरचा खोका उचलला की थर बदलतो. पत्ता तिथपर्यंतच लिहायचा, जिथपर्यंत तो टिकतो. चवड तीन खोक्यांचीच ठेवावी आणि तिच्यामागे दुसरी चवड लावू नये. मग सर्वांत खालचा खोका काढायलाही वरचे दोनच हलवावे लागतात, म्हणजे इक्रोमचा दुसरा निकष पाळला जातो. तीनपेक्षा उंच रचण्यात दुसराही धोका आहे. दमट हवेत पुठ्ठ्याचा जोर कमी होतो, खालचा खोका बसतो आणि चवड कलते. खोक्यांच्या कडा फुगलेल्या दिसल्या की ही सुरुवात झाली असं समजावं. सर्वांत खालचे खोके लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पॅलेटवर असावेत, थेट फरशीवर नकोत.

कुठला खोका कुठे ठेवायचा हे पंचांग बघून ठरवणं सोयीचं. गणपतीचं मखर, चौरंग, समया, आकाशकंदील आणि फराळाची साधनं वर्षातून एकदा नक्की निघतात. ते खोके दाराजवळच्या रॅकवर, कमरेच्या उंचीला. जुने अल्बम आणि मुलांची शाळेची पुस्तकं मागच्या रॅकवर गेली तरी चालतात.

भाद्रपदात हे कसं चालतं ते पाहू. सून मोबाइलवर ‘मुखवटे’ शोधते. ओळ येते: गौरीचे मुखवटे, 2 नग, खोका 117, जागा उ-1-3. उजवी भिंत, दारालगतचा रॅक, तिसरी फळी. मुलगा एकटाच जातो, खोका ओढतो, मुखवटे काढतो. इथवर सूचीचं काम सोपं आहे. ती बिघडते ती यानंतरच्या मिनिटात, वस्तू हातात घेऊन शटर खाली ओढताना. मुखवटे आता गोदामात नाहीत, पण सूची सांगते की आहेत.

यावर एक साधा उपाय आहे. भाड्याच्या घरालाही खोक्यासारखाच एक क्रमांक द्यायचा. ‘खोके’ पानावर 900 म्हणजे ‘भाड्याचं घर’, 901 म्हणजे ‘पुण्याला मुलीकडे’, 902 म्हणजे ‘देऊन टाकलं’. मुखवटे काढले की त्यांच्या ओळीतला 117 खोडून 900 लिहायचा. ओळ पुसायची नाही. पुढच्या वर्षी कुणी शोधलं तर ते घरीच आहेत हे कळतं आणि गोदामाची फेरी वाचते. काढलेल्या वस्तूच्या जागी खोक्यात एक चिठ्ठीही ठेवावी. त्यावर काय नेलं, कुणी नेलं आणि तारीख लिहावी. ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत काढलेल्या दस्ताच्या जागी अशी खूण ठेवण्याची रीत जुनी आहे.

गोदाम तळघरात असलं तर मोबाइलला रेंज नसते आणि ‘घरी जाऊन लिहू’ म्हटलेली नोंद राहून जाते. म्हणून शटरच्या आत, हाताशी येईल अशा उंचीवर खोक्यांच्या यादीची छापील प्रत आणि दोरीला बांधलेली पेन्सिल लटकवावी. शाई ओलीने पसरते, पेन्सिल पसरत नाही. फेरफार आधी त्या कागदावर करायचा आणि घरी आल्यावर तक्त्यात. तक्त्यात बदल एकाच व्यक्तीने करावेत, बाकीच्यांनी तो फक्त पाहावा. दोघांच्या हातात दोन वेगवेगळ्या प्रती असल्या की दोन्हीवरचा भरवसा जातो.

सूची खरी आहे का, हे वर्षातून दोनदा तपासावं आणि दोन्ही दिशांनी तपासावं. हिशेबतपासनीस मालसाठा असाच तपासतात. आधी यादीतून कुठल्याही पाच वस्तू निवडून त्या खोक्यात आहेत का ते पाहायचं. मग कुठलाही एक खोका उघडून त्यातली प्रत्येक वस्तू यादीत आहे का ते पाहायचं. पहिल्या तपासणीत चूक निघाली तर वस्तू काढताना नोंद राहिलेली असते. दुसऱ्यात निघाली तर भरतानाच नोंद चुकलेली असते, किंवा परत आणलेली वस्तू नोंद न करता कुठल्या तरी खोक्यात टाकलेली असते.

एखादी वस्तू सापडलीच नाही तर सगळे खोके फोडू नयेत. आधी 900 पाहावा, कारण ती घरीच असण्याची शक्यता मोठी असते. मग लगतच्या क्रमांकांचे खोके उघडावेत. क्रमांक भरायच्या क्रमाने दिलेले असल्यामुळे 116, 117 आणि 118 एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात भरले गेलेले असतात आणि हाताची चूक या शेजाऱ्यांतच होते.

काही गोष्टी मात्र सूचीत चुकूनही येऊ नयेत, कारण त्या गोदामात जाताच कामा नयेत. बिल्डरशी झालेला करार, सोसायटीचं भागपत्र, पासपोर्ट, दागिने घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. गॅसचं सिलिंडर, रॉकेल, रंगाचे डबे आणि धान्यही नको. ज्वलनशील वस्तू धोक्याच्या असतात आणि धान्यामागे उंदीर येतात. सूचीचा तक्ताही घरच्यांपलीकडे कुणाला पाठवू नये, कारण घरात काय काय आहे हे त्यात पूर्ण लिहिलेलं असतं.

ज्यांच्या इमारतीला रिकामी करायची तारीख मिळाली आहे, त्यांनी पॅकर्सच्या दिवसाची वाट पाहू नये. माळ्यावरचं सामान रोज लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी. संध्याकाळी एक खोका, एकाने भरायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. पॅकर्स येतील तेव्हा त्यांच्यासाठी फर्निचर आणि रोजची भांडीच उरली पाहिजेत. ती भांडी बांधली जात असतानाही घरातल्या एका माणसाने वही घेऊन शेजारी उभं राहावं.